आधी पोट मोकळं, मग ताटात नवं काही

मुलाच्या चड्डीला दिवसातून चारपाच वेळा पातळ शीचे डाग पडतात. आईला वाटतं पोट बिघडलंय. आजी मऊ भात आणि केळं सुरू करते. शाळेतून निरोप येतो, बरं वाटेपर्यंत घरीच ठेवा. जुलाब थांबण्याचं औषध देऊनही डाग काही थांबत नाहीत. शेवटी बालरोगतज्ज्ञ मुलाच्या पोटावर हात ठेवतात, आणि बेंबीच्या खाली डाव्या बाजूला त्यांच्या बोटांना टणक गोळा लागतो. तो साचलेला मळ असतो. त्याच्या कडेकडेने वरचा पातळ मळ झिरपत राहतो आणि मुलाला ते कळतही नाही. जुलाब समजून घरात जे काही चाललेलं असतं, त्याने मूळची बद्धकोष्ठता आणखी घट्ट होत जाते.

कुठल्याही मुलाच्या बाबतीत हे होऊ शकतं. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये आणि मोजकेच चारपाच पदार्थ खाणाऱ्या मुलांमध्ये मात्र ते फार वेळा होतं आणि फार उशिरा लक्षात येतं. २०१४ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांची एकत्रित पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये बद्धकोष्ठतेचं प्रमाण इतर मुलांच्या तिपटीहून जास्त दिसलं. खाण्याच्या अडचणींचं प्रमाण आदल्या वर्षीच्या अशाच एका पाहणीत सुमारे पाचपट आढळलं होतं. यात तसं नवीन काही नव्हतं. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकात ओळख मिळवून दिली, तेव्हाच त्यांनी यातल्या अनेक मुलांना अगदी तान्हेपणापासून खाण्याचा त्रास होता, हे नोंदवून ठेवलं होतं.

या मुलांना चव, वास, स्पर्श आणि आवाज वेगळ्या तीव्रतेने जाणवतात. वरणातली एक न शिजलेली डाळ जिभेला लागली की अख्खा घास बाहेर येतो. बिस्किटाचं पुडकं बदललं तर तेच बिस्किट परकं होतं. म्हणून मुलं अशा पदार्थांना धरून राहतात जे प्रत्येक वेळी हुबेहूब तसेच लागतात: ठरावीक वेफर्स, ठरावीक बिस्किट, पांढरा भात, दूध. हे बहुतेक पदार्थ चोथा नसलेले असतात, हा योगायोग त्यांच्या पोटाला महागात पडतो. दुसरीकडे, शरीराच्या आतून येणाऱ्या खुणा काहींना नीट जाणवत नाहीत. भूक लागली, शू आली, शी आली, हे उशिरा कळतं किंवा कळतच नाही. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याचं पोट दुखतंय हे इतरांना कळणार कसं?

ते बहुतेकदा वागण्यातून कळतं. मूल सोफ्याच्या हातावर पोट दाबून पालथं पडून राहतं. चवड्यांवर उभं राहून पाय एकमेकांत घट्ट अडकवतं, अंग ताठ करतं, लालबुंद होतं. पडद्यामागे किंवा दाराआड जाऊन उभं राहतं. पाहणाऱ्याला वाटतं ते कुंथतंय. खरं तर ते सगळा जोर लावून शी आत रोखून धरत असतं. जेवण कमी होतं, रात्री झोप मोडते, एरवी शांत असलेलं मूल चावतं किंवा डोकं आपटतं. ‘ऑटिझम वाढलाय’ असं समजून अशा वेळी वर्तनाचं औषध वाढवण्याकडे कल असतो. चिडचिड कमी करण्यासाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन स्वतःच बद्धकोष्ठता करू शकतं. लोहाच्या टॉनिकचंही तेच. ही औषधं परस्पर बंद करायची नसतात, पण डॉक्टरांपुढे हा विषय आई-बाबांनी आपण होऊन काढायला हवा.

रोखून धरण्याचं कारण साधं असतं. कधीतरी एकदा शी खडा होते, बाहेर येताना दुखतं, कदाचित गुदद्वाराला चीर पडते. मूल ठरवतं, पुन्हा नाही. रोखलेल्या मळातलं पाणी मोठं आतडं शोषत राहतं, त्यामुळे पुढची शी आणखी जाड आणि कोरडी होते, आणखी दुखते, भीती खरी ठरते. महिनोन्‌महिने असं चाललं की गुदाशय ताणून मोठा होतो आणि त्याची जाणीव बोथट होते. सतत ताणलेल्या चड्डीचं इलॅस्टिक जसं सैल पडतं तसंच हे. इलॅस्टिक बदलता येतं. गुदाशयाला मात्र रिकामं राहायला वेळ दिला तर तो आपोआप पूर्वपदावर येतो, आणि तो वेळ महिन्यांत मोजावा लागतो.

म्हणून उपचारात क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. आधी साचलेला मळ काढायचा, मग शी रोज मऊ राहील आणि दुखणार नाही अशी तजवीज करायची, त्यानंतर आहार आणि शौचाची सवय. बहुतेक घरांत हे नेमकं उलट होतं. पोट गच्च भरलेलं असताना मुलाच्या तोंडात पालेभाजी कोंबली जाते आणि त्याला कमोडवर अर्धा अर्धा तास बसवलं जातं. भरल्या पोटावर जास्त चोथा गेला की दुखणं वाढतं. बसून काही होत नाही, झालं तर दुखतं. मूल शिकतं ते इतकंच की भाजी वाईट आणि संडास त्याहून वाईट.

एक मूल डोळ्यांपुढे आणू. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आणि थेरपी केंद्रांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी त्याच्यात एकत्र केल्या आहेत. वय सहा, वजन १८ किलो, दोनतीन शब्दांपलीकडे बोलत नाही. दिवसभरात बाटलीने चार वेळा मिळून ८०० मिली दूध, ग्लुकोज बिस्किटं, दहीभात आणि एकाच कंपनीचे खारे बटाटा वेफर्स. भाजी, फळ, पोळी नाही. शी चारपाच दिवसांनी, तीही रात्री, डायपर लावल्यावर, पडद्यामागे उभ्याने. इतकी जाड की आई दचकते. मधल्या दिवसांत डाग.

डॉक्टर सर्वांत आधी हे पाहतात की यामागे दुसरा काही आजार तर नाही. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांच्या आत झाली होती का? बद्धकोष्ठता पहिल्या महिन्यापासूनच आहे का? हिरवी उलटी, फुगलेलं पोट, न वाढणारं वजन, पायांत अशक्तपणा, पाठीच्या तळाशी खळगा किंवा केसांचा झुपका, यातलं काही आहे का? असेल तर वाट वेगळी आणि तपासण्याही वेगळ्या. नसेल आणि वर सांगितलेलं चित्र स्पष्ट असेल तर गुदद्वारातून बोट घालून तपासण्याची किंवा एक्स-रेची सरसकट गरज नसते. अनोळखी हाताचा स्पर्शही सहन न होणाऱ्या मुलासाठी ही मोठी सुटका आहे. आईच्या मांडीवर बसलेलं असतानाही पोट हलक्या हाताने चाचपता येतं.

साचलेला मळ काढण्यासाठी आज जगभर पहिली पसंती आहे ती पॉलीइथिलीन ग्लायकॉलला, म्हणजे ‘पेग’ला. ही पांढरी भुकटी पाण्यात पूर्ण विरघळते. शरीर ती जवळजवळ शोषत नाही. ती आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी मळ मऊ करतं. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यानुसार मळ काढण्यासाठी मुलाच्या वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. आपल्या १८ किलोच्या मुलासाठी हे १८ ते २७ ग्रॅम होतं. आकडा हिशेब कळावा म्हणून दिला आहे. मात्रा त्या मुलाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायची.

अवघड भाग मात्रेच्या पुढे असतो. चवीला तीव्र असलेल्या मुलाला औषध पाजायचं कसं? पेग दोन प्रकारांत मिळतं. क्षार मिसळलेलं खारट लागतं, क्षार नसलेलं जवळपास बेचव असतं. अशा मुलासाठी दुसरा प्रकार मिळेल का, हे डॉक्टरांना विचारून घेण्यासारखं आहे. भुकटी भरपूर पाण्यात घोळायची असते, दुधाच्या बाटलीत ढकलून मोकळं व्हायचं नसतं. दूध हे या मुलाचं सगळ्यात विश्वासाचं अन्न आहे. त्यात त्याला काही वेगळं जाणवलं तर उद्यापासून तो दूधही सोडेल. त्यापेक्षा एक वेगळा ग्लास, वेगळी नळी, रोज तीच वेळ, आणि शेजारी औषधाचं चित्र. मुलाला समजत नाही असं वाटलं तरी त्याला सांगायचं. लॅक्टुलोज हे दुसरं नेहमीचं औषध गोड आणि चिकट पाक असतं. काही मुलांना ते आवडतं, काहींना त्याच्या चिकटपणाची शिसारी येते, आणि त्याने पोटात वायू जास्त धरतो.

पहिल्या दोनतीन दिवसांत डाग वाढतात. इथेच बरीच घरं घाबरून औषध थांबवतात. पण डाग वाढणं म्हणजे वाट मोकळी होऊ लागल्याची खूण असते. म्हणून हे काम शाळेला सुट्टी असताना, घरी दोन माणसं असताना करावं. आधी खडे येतात, मग मऊ गोळे, आणि शेवटी गढूळ पाण्यासारखी, गाठी नसलेली शी. ती आली आणि पोट मऊ लागलं की समजायचं आतलं निघालं. पोटात सहन न होणारी कळ आली किंवा उलट्या सुरू झाल्या तर औषध थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून गुदद्वारात घालणं, साबणाची चकती, घरच्या घरी एनिमा हे उपाय या मुलांवर करू नयेत. जिथे आधीच भीती बसली आहे तिथेच जबरदस्तीने काही घातलं तर ती भीती वर्षभर पुरते.

पोट मोकळं झालं की त्याच औषधाची छोटी मात्रा रोज चालू ठेवायची. ती साधारण किलोला ०.४ ग्रॅमने सुरू होते, म्हणजे या मुलासाठी सात ग्रॅमच्या आसपास. ‘सवय लागेल’ ही भीती इथे सगळ्यांच्या तोंडी असते. पेगने आतडं आळशी होत नाही. लवकर थांबवलं तर मात्र शी पुन्हा खडा होते, पुन्हा दुखतं, आणि आधीचं सगळं वाया जातं. किमान दोन महिने औषध, आणि सगळी लक्षणं जाऊन किमान एक महिना झाल्यावर हळूहळू कमी करणं, असा या मार्गदर्शिकेचा नियम आहे. वर्षानुवर्षं रोखून धरलेल्या मुलांना प्रत्यक्षात बरंच जास्त लागतं.

मात्रा बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी १९९७ साली मांडलेला शीचा चित्रतक्ता यासाठी फार उपयोगी पडतो. पहिला प्रकार म्हणजे सुटे टणक खडे, सातवा म्हणजे पाणी. चौथा, गुळगुळीत मऊ लांबट, हा हवा असलेला. या मुलांत थोडी मऊ बाजू, म्हणजे पाचवाही चालतो. बाथरूमच्या दारामागे एक कागद लावून तारीख, प्रकार, किती आणि कुठे झाली एवढं लिहिलं तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही.

आता ताटाकडे. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला अंदाजे ११ ग्रॅम चोथा लागतो. वय अधिक पाच असा एक सोपा ठोकताळा आहे. वर सांगितलेल्या चार पदार्थांतून या मुलाला जेमतेम तीनचार ग्रॅम मिळतो. शिवाय ८०० मिली दुधातून जवळपास ५०० कॅलरी जातात, म्हणजे त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्याला भूक लागणारच कशी? त्यामुळे पहिला बदल दुधात करायचा. पाणी घालून पातळ करायचं नाही, कारण चव बदलते. चार बाटल्यांतली एक आधी कमी करायची, दोनतीन आठवड्यांनी दुसरी, आणि ४०० मिलीवर थांबायचं. दहीभात चालूच आहे, त्यामुळे कॅल्शियमची तितकी काळजी नाही. वजनावर मात्र दर पंधरवड्याला लक्ष ठेवायचं, आणि ते घटलं तर घाई थांबवायची.

नवीन पदार्थ आणायचा तो मुलाच्या जिभेच्या आवडीवरून, पोषणाच्या तक्त्यावरून नव्हे. हा मुलगा काय खातो ते पाहा: वेफर्स, बिस्किटं. त्याला कुरकुरीत, कोरडं, खारट, पातळ असं आवडतं. त्याला पालकाची भाजी देणं म्हणजे या चारही गोष्टी एकाच वेळी बदलणं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ‘फूड चेनिंग’ नावाच्या पद्धतीचं सूत्र आहे. वेफर्सच्या बशीत वेफर्सच्याच आकाराचा तोडलेला साध्या कणकेच्या खाकऱ्याचा एक तुकडा ठेवायचा, तितकाच खारट, जिऱ्याचा एकही दाणा नसलेला. तो रुळला की ज्वारीचा खाकरा. पुढे त्याच खारटपणाच्या ज्वारीच्या लाह्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास चोथा आहे, तर पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीनपेक्षा कमी. म्हणजे तीस ग्रॅम ज्वारी रोज पोटात गेली तरी या मुलाचा चोथा जवळजवळ दुप्पट होतो. त्यासाठी भाजीची वाट पाहावी लागत नाही. बाजारातल्या नाचणीच्या बिस्किटांवर फार विसंबू नये; पुडक्यावर नाचणीचं चित्र असलं तरी घटकांच्या यादीत बरेचदा पहिला मैदाच असतो.

फळातही हाच धागा पकडता येतो. सोललेलं घट्ट पेर पांढरं असतं, पातळ काप केले तर दाताखाली कुरकुरतं. पेरात सॉर्बिटॉल नावाची साखर असते. ती आतड्यात पाणी ओढते, त्यामुळे थोडक्या पेरानेही शी मऊ व्हायला मदत होते. ज्यांना उलट मऊ, गुळगुळीत, एकसारखं आवडतं अशा मुलांसाठी गोष्ट वेगळी. त्यांना पिकलेल्या पपईचा गाळलेला गर, नाचणी सत्त्व, घोटलेलं मुगाचं वरण जवळचं वाटतं, आणि त्यांच्यासाठी लाह्या म्हणजे शिक्षा. चार वर्षांखालच्या मुलांना आणि नीट चावता न येणाऱ्यांना पॉपकॉर्न, लाह्या, फुटाणे देऊ नयेत. ठसका लागून श्वास अडकतो.

नवा तुकडा बशीत ठेवला म्हणजे तो खाल्ला जाईल असं नाही. काही आठवडे तो नुसता असेल. मग मूल त्याला बोट लावेल, वास घेईल, चाटेल, तोंडात घालून बाहेर काढेल. त्यासाठी शेजारी एक वाटी ठेवायची आणि तोंडातलं तिथे टाकायची मोकळीक द्यायची. थुंकता येतं हे माहीत असलेलं मूल जास्त धीराने चव घेतं. ‘एकच घास माझ्यासाठी’ हा लाडीगोडीचा आग्रहही या मुलांना दडपण वाटतो. दहीभाताला या सगळ्यात हात लावायचा नाही. त्यात भाजी वाटून लपवायची कल्पना प्रत्येक नातेवाईक सुचवतो. मुलाला ती सापडते, बहुतेकदा पहिल्याच घासाला, आणि मग चारांतला एक पदार्थ कायमचा जातो. ग्लुटेन आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करण्याचे आहार ऑटिझमवर उपाय म्हणून सुचवले जातात. त्यांना भरवशाचा आधार नाही, आणि आधीच चार पदार्थांवर आलेली यादी त्यामुळे आणखी आखूड होते. बद्धकोष्ठता कशालाच दाद देत नसेल तर गायीचं दूध दोन ते चार आठवडे बंद करून पाहण्याचा सल्ला तज्ज्ञ कधीकधी देतात. तो त्यांच्याच देखरेखीखाली पाळायचा.

इसबगोल घरोघरी असतं, म्हणून त्याबद्दलही सांगायला हवं. ते फुगण्यासाठी भरपूर पाणी लागतं. पाणी जेमतेम पिणाऱ्या आणि शी रोखून धरणाऱ्या मुलाच्या पोटात ते गेलं तर आत अडकलेला गोळा आणखी मोठा होतो.

संडासाची गोष्ट मोठ्यांना सोपी वाटते, कारण त्यांना तिथले आवाज ऐकू येत नाहीत. मुलाच्या बाजूने एकदा आत जाऊन पाहावं. एक्झॉस्ट पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, फिनेलचा वास, थंडगार सीट, खाली पाण्याचं भोक, आणि अचानक गर्जणारा फ्लश. त्यावर जेट स्प्रेचा गार फवारा. यातल्या बऱ्याच गोष्टी एका संध्याकाळीत बदलता येतात. पंखा बंद, पिवळसर दिवा, वासाविना साफसफाई, सीटवर मऊ कव्हर आणि लहान मुलांचं छोटं रिंग, धुवायला मगात कोमट पाणी. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करायचा.

बसण्याची ठेवण तितकीच महत्त्वाची. पाय लोंबकळत असले तर तळाचे स्नायू सैल पडत नाहीत. पायांखाली स्टूल हवं, इतकं उंच की गुडघे कमरेच्या वर येतील, पावलं पूर्ण टेकतील आणि मूल थोडं पुढे वाकून कोपरं मांड्यांवर ठेवेल. उकिडवं बसलं की ही ठेवण आपोआप मिळते, त्यामुळे भारतीय पद्धतीचा संडास शरीराला सोयीचाच आहे. पण ज्या मुलांचे स्नायू सैल असतात त्यांना तिथे तोल सांभाळताना इतकं ताठ व्हावं लागतं की फायदा उरत नाही. भिंतीला पकडायला दांडी लावली तर मदत होते.

आपला मुलगा डायपरशिवाय शी करत नाही. इथे डायपर काढून घेणं ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण तो चारऐवजी आठ दिवस रोखून धरेल. डायपर राहू द्यायचा आणि जागा थोडी थोडी हलवायची. पडद्यामागून बाथरूमच्या दाराशी. मग बाथरूमच्या आत, उभ्यानेच. मग बंद झाकणावर डायपरसह बसून. मग झाकण उघडं, डायपर अंगावर. मग त्या डायपरला खाली एक भोक, जे दर काही दिवसांनी थोडं मोठं होतं, आणि अखेरीस डायपर नुसता कमरेभोवती सैल. प्रत्येक पायरी भीतीविना जमल्यावरच पुढची घ्यायची. कुठे अडलं तर एक पायरी मागे यायचं.

वेळ निवडताना शरीराच्या एका नैसर्गिक सवयीचा फायदा घेता येतो. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांनी बसवावं. सकाळी सातच्या शाळेच्या धावपळीत हे जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरवावी, पण रोज तीच. तीन ते पाच मिनिटं, जास्तीत जास्त दहा. डोळ्यांना दिसणारा वाळूचा टायमर, भिंतीवर क्रमाने चित्रं: चड्डी खाली, बसणं, टायमर, धुणं, हात धुणं. साबणाचे फुगे उडवायला दिले किंवा फुंकणी फुंकायला दिली तर मूल नकळत पोटातून हलका जोर लावतं, ‘कुंथ’ म्हणून सांगावं लागत नाही. बक्षीस बसण्याबद्दल द्यायचं, शीबद्दल नाही, कारण बसणं त्याच्या हातात आहे. एखादं फिरणारं चमकतं खेळणं फक्त तिथेच मिळतं असं ठेवलं तर ते पुरतं. डाग पडले तर न बोलता, चेहरा न बदलता धुऊन टाकायचे.

हे सगळं एकट्या आईवर पडू नये. आधार म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्यावी. खासगी थेरपी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत सुरू झालेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत चौकशी करावी. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून देशभर सुरू झाला, आणि त्यात तपासल्या जाणाऱ्या स्थितींच्या यादीत ऑटिझमचाही समावेश आहे.

घडी बसल्यावर ती मोडते कधी, हेही ठरलेलं असतं: शाळा बदलणं, ताप, लांबचा प्रवास, गणपतीला गावी जाणं. गावच्या घरात वेगळा संडास, वेगळं पाणी, दाराबाहेर थांबलेली माणसं. मूल पहिल्या दिवसापासून रोखायला लागतं. अशा वेळी छोटं रिंग, घडीचं स्टूल, चित्रांची पट्टी आणि तोच ग्लास बरोबर न्यावा, आणि त्या आठवड्यात औषधाची मात्रा किती ठेवायची हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. सलग दोन दिवस शी झाली नाही किंवा तक्त्यावर पहिला-दुसरा प्रकार दिसला तर घरी परतण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. तिसऱ्या दिवशी मात्रा वाढवणं सोपं असतं. दहाव्या दिवशी पुन्हा पोट रिकामं करण्यापासून सुरुवात करावी लागते.